पावसात फीडर तीनदा पडून लॉकआउट, पेट्रोलिंगमध्ये लाईन मात्र स्वच्छ: रिक्लोजरचा डेड टाइम कसा तपासावा

तक्रार अशी असते. पावसाळी रात्री ११ केव्ही फीडर पडतो. खांबावरचा रिक्लोजर, म्हणजे फॉल्टला उघडून ठरावीक वेळाने आपोआप पुन्हा मिटणारा ब्रेकर, दोनदा लाईन घेऊन बघतो आणि तिसऱ्यांदा पडून लॉकआउटला जातो, म्हणजे मग आपोआप मिटत नाही. लाईनमन बॅटऱ्या घेऊन निघतात, कुळागरांतून वाट काढत, ओहोळ ओलांडत दोन-दोन तास लाईन पाहतात. तार तुटलेली नसते, इन्सुलेटर फुटलेला नसतो, जंपर जागच्या जागी असतात. शेवटी ट्रायल घेतात, म्हणजे हाताने लाईन चालू करून बघतात, आणि फीडर व्यवस्थित उभा राहतो. पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा तेच. गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणे किंवा फोंड्याच्या आतल्या भागात, जिथे लाईन माड-पोफळींच्या कडेने जाते, तिथे काम केलेल्या कोणालाही हे सांगायला नको.

यातला खरा पुरावा शेवटच्या ट्रायलमध्ये आहे. काहीही दुरुस्त न करता लाईन उभी राहिली, म्हणजे फॉल्ट तात्पुरता होता. तात्पुरत्या फॉल्टसाठीच तर रिक्लोजर बसवलेला असतो. मग तो लॉकआउटला का गेला, हे रिक्लोजरलाच विचारायला हवे. अशा वेळी बहुतेक जण ब्रेकरची यंत्रणा, बॅटरी किंवा रिलेचा पिकअप तपासायला घेतात. माझा अनुभव असा की त्याआधी दोन वेळा तपासाव्यात: डेड टाइम आणि रिक्लेम टाइम. ब्रेकर उघडल्यापासून पुन्हा मिटेपर्यंत लाईन मृत असते तो डेड टाइम. मिटल्यानंतर रिक्लोजर आपली मोजणी पुसून शून्यावर यायला जितका थांबतो तो रिक्लेम टाइम.

आधी फॉल्ट तात्पुरता का असतो ते नीट पाहू, कारण सेटिंग त्यातूनच निघते. ओव्हरहेड लाईनवरचे ८० ते ९० टक्के फॉल्ट तात्पुरते असतात, असे संरक्षणाच्या सगळ्या पाठ्यपुस्तकांत दिलेले असते. त्यामागचे कारण म्हणजे तिथले इन्सुलेशन हवेचे आहे. मे महिन्यात वळवाच्या पावसात किंवा परतीच्या पावसात लाईनजवळ वीज पडली, की तारांवर काही मायक्रोसेकंदांपुरता प्रचंड दाब चढतो. ११ केव्हीच्या इन्सुलेटरची आवेग सहन करण्याची पातळी ७५ केव्हीच्या आसपास असते. जवळच्या जमिनीवर पडलेली वीजसुद्धा लाईनमध्ये त्याहून जास्त दाब उपजवू शकते. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून हवेतून ठिणगी जाते. विजेचा तो आवेग लगेच संपतो, पण त्याने तापवलेली, आयनीभूत हवेची वाट तशीच राहते आणि आपला ५० हर्ट्झचा प्रवाह त्या वाटेने वाहू लागतो. ही झाली आर्क. वीज पडून गेली तरी आर्क जिवंत राहते, कारण आता तिला सबस्टेशन पोसत असते.

ब्रेकर उघडला की आर्कचे पोषण थांबते. वायू थंड होतो, इलेक्ट्रॉन आणि आयन पुन्हा जोडले जातात, वारा उरलेले उडवून लावतो. ११ ते ३३ केव्हीला हवेला पुन्हा पूर्ण ताकद यायला साधारण ०.१ ते ०.२ सेकंद लागतात. दाब वाढेल तसा हा काळ वाढतो: १३२ केव्हीला सुमारे ०.३ सेकंद, ४०० केव्हीला साडेचार दशांश सेकंदांच्या आसपास. इन्सुलेटर चिनी मातीचा असेल तर त्याच्यावर फार तर काळसर डाग राहतो. म्हणजे निव्वळ आर्कपुरता विचार केला तर आपल्या ११ केव्ही लाईनला अर्धा सेकंद डेड टाइम भरपूर आहे. पुष्कळ रिक्लोजरांचे पहिले सेटिंग ०.५ सेकंद असते ते म्हणूनच, आणि विजेच्या कडकडाटात बहुतेक फॉल्ट पहिल्याच प्रयत्नात निघूनही जातात. घरात दिवा एकदा मिचकतो, एवढेच.

जमिनीखालच्या केबलला हे लागू नाही. तिथले घन इन्सुलेशन एकदा जळले की ते पुन्हा भरून येत नाही. केबलवर रिक्लोज करणे म्हणजे फुटलेल्या जागी पुन्हा आग लावणे. सबस्टेशनमधून बाहेर पडताना फीडरचा पहिला तुकडा केबलचा असेल, तर रिक्लोजर केबल जिथे लाईनला चढते त्या खांबावर किंवा त्याच्या पुढे असावा आणि सबस्टेशनच्या ब्रेकरवर रिक्लोज बंद असावे.

आता मूळ तक्रारीकडे. सत्तरीतल्या एका फीडरचा हा प्रसंग आहे. लाईन लांब, शेवटची काही किलोमीटर बागायतीच्या कडेने. रिक्लोजरची सेटिंग अशी होती: पहिला डेड टाइम ०.५ सेकंद, दुसरा २ सेकंद, रिक्लेम १८० सेकंद, तिसऱ्या ट्रिपला लॉकआउट. पहिल्या दोन ट्रिप रिलेच्या जलद वक्रावर, म्हणजे लवकर येणाऱ्या, तिसरी मंद वक्रावर. त्या पावसाळ्यातल्या लॉकआउटच्या नोंदी कंट्रोलरमधून उतरवून घेतल्यावर त्यांचे सरळ दोन प्रकार पडले. पहिल्या प्रकारातली एक नोंद:

```
21:14:07.31  TRIP   51  Ia 412  Ib 405  Ic 38
21:14:07.81  CLOSE  AR1
21:14:08.02  TRIP   51  Ia 398  Ib 391  Ic 36
21:14:10.02  CLOSE  AR2
21:14:10.61  TRIP   51  Ia 402  Ib 396  Ic 37
21:14:10.61  LOCKOUT
```

51 म्हणजे ओव्हरकरंट रिले, AR1 आणि AR2 म्हणजे पहिला आणि दुसरा रिक्लोज, Ia, Ib, Ic म्हणजे तीन फेजचे प्रवाह. यात दोन गोष्टी बघायच्या. मिटल्यावर पुढची ट्रिप किती वेळाने आली? ०.२१ सेकंदाने आणि नंतर ०.५९ सेकंदाने, म्हणजे रिलेला लागतो तेवढाच वेळ. लाईन मिटली त्या क्षणी फॉल्ट तिथे हजर होता. दुसरे, तिन्ही वेळा तेच दोन फेज आणि जवळजवळ तोच प्रवाह. एकच फॉल्ट, एकाच जागी, साडेतीन सेकंदांत तीनदा. आणि तरीही दोन तासांनी लाईन उभी राहिली.

अशी वागणूक झावळीची असते. माडाची पिकलेली झावळी चार ते सहा मीटर लांब असते. वाऱ्यात ती सुटली की दोन तारांवर आडवी पडते. ती ओली असते, तिच्यातून आधी थोडा प्रवाह जातो, पृष्ठभाग वाळतो, करपतो आणि करपलेल्या रेषेवरून आर्क धरते. ब्रेकर उघडल्यावर आर्क ०.२ सेकंदांत विझते, पण झावळी तिथेच असते. अर्ध्या सेकंदाने रिक्लोजर मिटतो तो झावळीवरच.

किती वेळ द्यायला हवा, याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. तार जमिनीपासून ७ मीटरवर असेल आणि झावळी कुठेही न अडकता सरळ खाली पडली, तर जमिनीपर्यंत १.२ सेकंद लागतात. अर्ध्या सेकंदात ती सव्वा मीटरच खाली आलेली असते आणि तिचे दुसरे टोक अजून तारेला लागलेले असू शकते. आणि हा झाला निर्वेध पडण्याचा हिशोब. प्रत्यक्षात ती तारेवर डोलते, पात्यांनी अडकते, वाऱ्याच्या दोन-चार झोतांनंतर सरकून पडते. २ सेकंदांचा दुसरा डेड टाइम अशा फॉल्टसाठी पहिल्याइतकाच निरुपयोगी होता. पूर्ण क्रम साडेतीन सेकंदांत संपला आणि झावळीला पडायला त्याहून जास्त वेळ हवा होता.

तारा एकमेकींवर आपटतात तेव्हाही असेच होते. फॉल्टचा प्रवाह दोन तारांना एकमेकींपासून दूर ढकलतो, आणि ब्रेकर उघडला की त्या मोकळ्या झोके घेतात. झोक्याचा काळ झोळावर अवलंबून असतो: १ मीटर झोळ असेल तर एक पूर्ण झोका सुमारे १.८ सेकंदांचा. अर्ध्या ते दोन सेकंदांच्या डेड टाइममध्ये तारा परत जवळ येत असतानाच दाब येण्याची शक्यता चांगलीच असते. झोके मंदावायला बरेच सेकंद जावे लागतात. झोळ कमी-जास्त झालेल्या स्पॅनमध्ये हे वरचेवर होते आणि तिथे झोळ सारखा करून घेण्याला सेटिंग हा पर्याय नाही.

यावर पहिल्यांदा सुचते ते म्हणजे पहिलाच डेड टाइम वाढवावा. तसे करू नये. या फीडरवर विजेचे फॉल्ट पहिल्याच ०.५ सेकंदाला निघत होते, हे त्याच नोंदींत दिसत होते. पहिला डेड टाइम १५ सेकंद केला असता तर प्रत्येक गडगडाटात सगळ्या गावांना १५ सेकंद काळोख मिळाला असता, कारण नसताना. म्हणून पहिला आर्कसाठी ठेवायचा आणि दुसरा झावळीसाठी. आम्ही दुसरा डेड टाइम २ वरून १५ सेकंद केला. १५ हा काही मंत्र नाही. १० चालेल, ३० सुद्धा चालेल. दोन तासांच्या पेट्रोलिंगपुढे ३० सेकंद काहीच नाहीत. पण ५ सेकंदांच्या खाली गेलो तर पानाफांद्यांच्या फॉल्टवर फारसा उपयोग होत नाही.

पहिल्या डेड टाइमलाही खालची मर्यादा आहे आणि ती आर्क ठरवत नाही. पंप, भातगिरणी, आइस फॅक्टरी यांच्या मोटरी वीज गेल्यावर काही क्षण फिरत राहतात आणि स्वतः दाब देत राहतात. त्यांचे स्टार्टर सुटायच्या आत लाईन परत आली तर मोटरला उलट्या कोनात झटका बसतो. ०.३ सेकंद बहुतेकदा पुरतात, ०.५ अधिक निर्धास्त. फीडरवर सौर संच पुष्कळ झाले असतील तर मात्र ही मर्यादा वर सरकते. ग्रीड गेल्याचे ओळखून बंद व्हायला इन्व्हर्टरला २ सेकंदांपर्यंत मुभा असते. दोन फेजच्या फॉल्टमध्ये त्यांच्याकडचा दाब कोसळतो आणि ते झटकन सुटतात, पण ११ केव्हीवरच्या अर्थ फॉल्टला डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे दाब तितका पडत नाही. तिथे पहिला डेड टाइम २ सेकंदांच्या थोडा वर नेणे मला योग्य वाटते.

दुसऱ्या प्रकारच्या लॉकआउटची नोंद वेगळीच दिसते:

```
17:42:11.05  TRIP   51N  phase A
17:42:11.55  CLOSE  AR1
17:43:02.18  TRIP   51N  phase C
17:43:04.18  CLOSE  AR2
17:44:20.40  TRIP   51   phase B-C
17:44:20.40  LOCKOUT
```

51N म्हणजे अर्थ फॉल्टची ट्रिप. इथे मिटल्यावर लाईन ५० सेकंद व्यवस्थित चालली, मग पडली. पुन्हा मिटली, ७६ सेकंद चालली, मग पडली. फेजही दर वेळी वेगळे. हे तीन वेगवेगळ्या विजांचे तीन वेगवेगळे फॉल्ट आहेत आणि रिक्लोजरने प्रत्येक वेळी आपले काम चोख केले आहे. चूक मोजणीत आहे. रिक्लेम १८० सेकंद असल्याने आधीचा फॉल्ट त्याच्या लेखी संपलेलाच नव्हता, म्हणून तीन स्वतंत्र फॉल्ट त्याने एकाच क्रमात मोजले. ढग डोक्यावर असताना मिनिटाला एक वीज लाईनजवळ पडणे मुळीच नवलाचे नाही. इथे डेड टाइम कितीही वाढवला तरी फरक पडणार नाही.

रिक्लेम कमी करायचा, पण किती? मंद वक्रावर फीडरच्या शेवटच्या टोकाचा फॉल्ट निघायला जितका वेळ लागतो त्याहून तो जास्त असलाच पाहिजे. नाहीतर कायमच्या फॉल्टवर रिले ट्रिप द्यायच्या आत मोजणी पुसली जाईल आणि रिक्लोजर त्याच फॉल्टवर उघडझाप करत राहील. या फीडरवर तो वेळ ४ सेकंदांच्या आसपास होता. पण ओली झावळी वाळून पुन्हा आर्क धरायला कित्येकदा १०-२० सेकंद घेते, तेही त्याच क्रमात मोजले जायला हवे. म्हणून ४० सेकंद ठेवले. वरच्या नोंदीत तेवढ्याने लॉकआउट टळले असते, कारण पुढच्या दोन्ही ट्रिप ४० सेकंदांनंतरच्या आहेत. शिवाय कंट्रोलरमध्ये तासाला अमुक ट्रिपांनंतर लॉकआउट अशी सोय असेल तर ती चालू ठेवावी. रिक्लेम लहान केल्यावर तोच शेवटचा बांध उरतो.

नोंदीत तिसराही एक प्रकार कधीमधी सापडतो: मिटल्याबरोबर तिन्ही फेजमध्ये मोठा प्रवाह, भराभर उतरणारा, आणि काही सायकलींत ट्रिप. तो फॉल्ट नसतो, फीडरवरच्या सगळ्या ट्रान्सफॉर्मरांचा इनरश असतो. तिथे जलद वक्राचा पिकअप फार खाली आहे किंवा इनरश रोखण्याची सोय बंद आहे, असे समजावे.

सेटिंग बदलण्याआधी ब्रेकरची पाटी वाचा. खांबावरच्या रिक्लोजरचा ठरलेला क्रम सहसा ०.५, २ आणि ५ सेकंदांच्या अंतरांनी तीनदा मिटण्याचा असतो, त्यामुळे अंतर वाढवल्याने त्याला त्रास नाही. पण हेच सेटिंग सबस्टेशनच्या ब्रेकरवर करायचे असेल तर सावध. त्याच्या पाटीवर O-0.3s-CO-3min-CO असे असते. म्हणजे एकदा जलद रिक्लोज झाल्यावर पूर्ण क्षमतेने पुढचा फॉल्ट तोडण्याआधी त्याला ३ मिनिटे हवीत. १५ सेकंदांनी दुसरा प्रयत्न त्या पाटीत बसत नाही. काही ब्रेकर मधल्या १५ सेकंदांसाठी प्रमाणित असतात, पण ते पाटीवर लिहिलेले असेल तरच धरायचे. स्प्रिंग ताणायलाही मोटरला १५ सेकंदांपर्यंत लागू शकतात.

सबस्टेशनमध्ये जुनी तबकडीची रिले असेल तर आणखी एक लक्षण दिसते: रिक्लोजरच्या तिसऱ्या ट्रिपबरोबर सबस्टेशनचा ब्रेकरही पडतो. प्रत्येक फॉल्टला तबकडी थोडी पुढे सरकते आणि मूळ जागी यायला तिला कित्येक सेकंद लागतात, टाइम मल्टिप्लायर पूर्ण असेल तर १० पर्यंत. २ सेकंदांच्या डेड टाइममध्ये ती अर्ध्यातच असते आणि पुढच्या फॉल्टला तिथूनच सरकू लागते. १५ सेकंदांनी हा त्रासही आपोआप जातो. या फीडरवर तो होता आणि त्याचे कारण आधी कोणी डेड टाइमशी जोडले नव्हते.

आता जिथे रिक्लोज होऊच नये त्या जागा. तुटून पडलेली तार जांभ्या दगडाच्या कोरड्या भरडावर पडली तर अर्थचा प्रवाह इतका कमी येतो की साधी अर्थ फॉल्ट रिले तो बघतही नाही; बघते ती संवेदनशील अर्थ फॉल्ट. तिच्या ट्रिपनंतर रिक्लोज बंद असावे, एकदाही नाही. अशा फॉल्टला तार माणसाच्या किंवा गुरांच्या आवाक्यात असू शकते, आणि दिवा १५ सेकंदांत परत येण्यापेक्षा ते फार मोठे आहे. लाईनजवळ झाडे कापायचे काम चालू असेल, शेजारच्या सर्किटवर परमिट दिले असेल, तेव्हाही रिक्लोज बंद करून कंट्रोलरवर टॅग लावायचा. आणि हाताने ट्रायल घेताना रिक्लोज निष्क्रिय असले पाहिजे: हाताने मिटवल्यावर फॉल्ट सापडला तर पहिल्याच ट्रिपला लॉकआउट. लॉकआउटनंतर पेट्रोलिंग न करता ट्रायलवर ट्रायल घेण्याची सवय काही ठिकाणी दिसते. दोनदा मिटूनही न निघालेल्या फॉल्टवर तिसऱ्यांदा, तेही अंधारात, लाईन घेणे धोक्याचे आहे आणि सेटिंग बरोबर केल्यावर त्याची गरजही राहत नाही.

बदलानंतर नोंदी दर पंधरवड्याला उतरवून घ्याव्यात. पहिल्याच रिक्लोजला निघालेले फॉल्ट गावभर विखुरलेले आणि वेगवेगळ्या प्रवाहाचे असतील. ते विजेचे, आणि ते वरचेवर होत असतील तर अरेस्टर आणि खांबांचे अर्थिंग मोजून घ्यावे. दुसऱ्या रिक्लोजला निघालेल्यांकडे मात्र नीट पाहावे. या फीडरवर ते बहुतेक ३९० ते ४१० अँपिअरच्या मधले आणि त्याच दोन फेजचे निघाले. प्रवाह सारखा म्हणजे सबस्टेशनपासूनचे अंतर सारखे. त्या अंतरावर बागायतीच्या कडेचे चार-पाच स्पॅन होते, मालकाशी बोलून तिथल्या तारेवर कललेल्या माडांच्या सुक्या झावळ्या चतुर्थीआधी उतरवून घेतल्या, आणि एका स्पॅनमधली सैल तार ओढून घेतली.